पिंजऱ्यातला राघू आणि दांड्यावरचा राघू



आमच्या पॅरिशच्या स्मरणिकेसाठी आलेल्या कविता वाचून निवडायचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. काम आनंदाचे आहे, पण यंदा हात टेकले. ‘मुक्ती’ हा विषय दिला होता. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी अशा ठिकाणांहून कविता आल्या आणि त्यांतल्या सात कवितांत पक्षी पिंजऱ्यात होता. सातही पिंजरे सोन्याचे, सातही वेळा बाहेर निळे आकाश, आणि शेवटच्या कडव्यात प्रभू येऊन दार उघडतो की पक्षी भुर्रकन उडून जातो. लिहिणारे वेगवेगळे होते. दोघे कॉलेजात शिकणारे, एक निवृत्त शिक्षक, एक नर्सबाई. पक्षी मात्र एकच होता आणि तो कुणीच नीट पाहिलेला नव्हता.

ही प्रतिमा वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. इतकी माणसे इतकी वर्षे तिच्याकडे जातात त्याअर्थी तिच्यात काहीतरी आहे. पण गुळगुळीत झालेले नाणे हातात आले की आपण त्यावरची अक्षरे वाचत नाही, नुसते खर्चून टाकतो. पिंजरा म्हणजे बंधन, पक्षी म्हणजे आत्मा, आकाश म्हणजे स्वातंत्र्य, हे समीकरण वाचणाऱ्याला आधीच पाठ असते. मग कवितेने करायचे काय उरते? चांगल्या कवींनी या जुन्या चित्रातली एखादीच गोष्ट बदलली आहे आणि तेवढ्याने सगळे चित्र पुन्हा डोळ्यांसमोर जिवंत उभे राहिले आहे. त्यांतले एक चित्र आपल्याच भाषेतले आहे आणि फार जुने आहे. माझ्या हातून त्याचा एकदा गैरवापरही झाला. ते सगळे आज सांगते.

आधी खरा पोपट. आमच्या लहानपणी निपाणीकडच्या नातेवाइकांच्या सोप्यात तुळईला पिंजरा टांगलेला असायचा. आत हिरवा राघू. त्याला पेरूची फोड, हिरवी मिरची, भिजवलेली हरभऱ्याची डाळ. येणाऱ्या-जाणाऱ्याने शीळ घालायची आणि त्याने मान वाकडी करून बघायचे. तेव्हा त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हते. आता आपल्याकडचा हा पोपट घरात कोंडून ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तरी लपूनछपून ठेवणारे आहेतच. त्या पिंजऱ्याचे दार कितीदा तरी उघडे असायचे. खाणे घालताना, पाणी बदलताना ते उघडावेच लागे. राघू उडून जात नसे, कारण त्याच्या पंखांची पुढची लांब पिसे कातरलेली असत. ती पिसेच पक्ष्याला पुढे रेटतात. ती कातरली की पक्षी उडी मारतो, दोन हात फडफडतो आणि जमिनीवर येतो. कातरलेली पिसे तशीच वाढत नाहीत. जुने देठ गळून पडावे लागतात, मग त्या जागी नवीन पिसे फुटतात, आणि त्याला महिनेच्या महिने लागतात. अशा पोपटाला दया म्हणून एकदम बाहेर सोडले तर पहिले मांजर किंवा पहिला कावळा त्याला गाठतो.

हे मी पांडित्य मिरवायला सांगत नाही. त्या सात कवितांत ‘दार उघडले, पक्षी उडाला’ असे होते, आणि ते मला खोटे का वाटले याचे कारण या पिसांत आहे. दार उघडणे आणि उडणे यांच्यामध्ये जो काळ जातो, त्यात कवितेला सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि नेमका तोच काळ सातही जणांनी गाळला होता.

आता ते जुने चित्र. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, माणूस स्वतःच स्वतःचा मित्र आणि स्वतःच स्वतःचा वैरी कसा होतो हे समजावताना ज्ञानदेवांनी पोपट आणि नळी यांचा दृष्टान्त दिला आहे. इसवी सन 1290 च्या सुमाराचा हा ग्रंथ. पोपट पकडायची एक युक्ती होती. एक पोकळ नळी दोरीत किंवा काडीत ओवून आडवी टांगायची. ती सहज गरगर फिरेल इतकी मोकळी ठेवायची. पोपट येऊन तिच्यावर बसतो. बसताच त्याच्या वजनाने नळी फिरते आणि पोपट खाली डोके वर पाय असा लोंबकळतो. खरे तर त्याला कुणी धरलेले नाही. पाय सोडले की पंख आहेतच, जागच्या जागी उडून जाता येते. पण तो घाबरतो. पडू नये म्हणून नळी आणखी घट्ट आवळतो, मान वळवतो, चोचीनेही धरून ठेवतो. आपण बांधले गेलो आहोत अशी त्याची खात्री होते, आणि ती खात्री झाल्यावर मोकळेच असलेले पाय तो अधिकच गुंतवून घेतो. ज्ञानदेव इथे विचारतात, आता सांगा, याला दुसऱ्या कुणी बांधले का? आणि वर म्हणतात की याला अर्धा तोडून नेला तरी हा नळी सोडायचा नाही.

विचार करा, किती थोडे बदलले आहे. पक्षी तोच. अडकणे तेच. फक्त पिंजरा काढून घेतला आणि त्याच्या जागी एक नळी ठेवली. तेवढ्याने प्रश्नच उलटा झाला. पिंजऱ्याच्या कवितेत आपण विचारतो, ‘याला कोण सोडवील?’ नळीच्या दृष्टान्तात विचारावे लागते, ‘हा सोडत का नाही?’ शिवाय हे नुसते कल्पनेतले चित्र नाही. पकडण्याची ती रीत माहीत असलेल्या माणसाने ते लिहिले आहे. नळी फिरते, मान वळते, चोच आवळते, हे सगळे त्या पक्ष्याच्या अंगाने घडते. आपण वाचताना आपल्याच हाताच्या मुठी आवळल्या जातात.

सहाशे वर्षांनी आणखी एका मराठी कवितेत याचीच छाया दिसते. सावरकरांनी 1909 मध्ये ब्रायटनच्या समुद्रकाठी ‘सागरा प्राण तळमळला’ लिहिले, त्यात पिंजऱ्यातल्या पोपटाचा आणि पाशात सापडलेल्या हरिणाचा उल्लेख येतो. हे गाणे आपण इतके ऐकले आहे की एक गोष्ट लक्षात येत नाही. ते लिहिताना कवी तुरुंगात नव्हता. अटक झाली 1910 मध्ये आणि अंदमान त्याच्याही नंतर. पोपटाची उपमा तिथे गजांसाठी आलेलीच नाही, ती फसगतीसाठी आली आहे. विद्या घेऊन परत येऊ अशा भरवशावर आपण आपल्या पायांनी समुद्र ओलांडला आणि आता परतीची वाट बंद झाली, हे ते दुःख आहे. त्यांच्या राजकारणाबद्दल कुणाचे काहीही मत असो, उपमा योग्य जागी बसली आहे हे मान्य करावे लागते. पोपट पिंजऱ्यात गेला तो आमिषाच्या मागे, आपण होऊन.

हा नळीचा दृष्टान्त मला इतका आवडला की मी तो वापरायला लागले. आणि इथे माझी चूक सांगायची आहे.

दोन वर्षांपूर्वी निपाणीजवळच्या एका वस्तीत बायकांच्या प्रार्थनासभेत मला बोलायला सांगितले होते. उपवासकाळ होता. मी मोठ्या उत्साहाने पोपटाची गोष्ट सांगितली. नळी, लोंबकळणे, आवळलेले पाय. आणि मग म्हणाले, “आपणही असेच आपल्या दुःखांना धरून बसतो. सोडून द्या. प्रभूवर भार टाका. बघा, पंख आहेतच.” समोर पंधरा-वीस बायका होत्या. बहुतेकींच्या घरी विड्यांचे काम. मांडीवर सूप घेऊन दिवसभर पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. वाईट निघालेल्या विड्या बाजूला काढल्या की तेवढे पैसे कमी. सभा संपल्यावर चहा घेताना त्यांतली एक बाई माझ्याजवळ आली. आवाजात राग नव्हता. म्हणाली, “ताई, गोष्ट चांगली हाय. पर त्या पोपटाला पोरंबाळं नव्हती वाटतं.”

मला काही उत्तर सुचले नाही. घरी परतताना बसमध्ये, तवंदीचा घाट चढत असताना ते वाक्य डोक्यातून जाईना. तिने ज्ञानदेवांचे काही खोडून काढले नव्हते, खोडले होते ते माझे. तो दृष्टान्त आहे स्वतःला तपासण्यासाठी. माझ्या रागाबद्दल, माझ्या मानपानाबद्दल, माझ्या भीतीबद्दल मी म्हणू शकते की नळी मीच धरली आहे. पण दुसऱ्याच्या पोटापाण्याकडे बोट दाखवून ‘तूच धरले आहेस, सोड’ असे म्हटले, की तोच दृष्टान्त दगड होतो. दारुड्या नवऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईला, सावकाराच्या कर्जात बुडालेल्या कुटुंबाला, मजुरीसाठी थांबलेल्या कामगाराला हे सांगितले जाते, आणि आपल्या सभांत तर फारच सहज सांगितले जाते. त्यांच्यापुढे गज खरे आहेत, लोखंडाचे आहेत.

लोखंडावरून एक आठवले. अमेरिकेत पॉल लॉरेन्स डनबार नावाचे कृष्णवर्णीय कवी होऊन गेले. त्यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. 1899 मध्ये त्यांनी पिंजऱ्यातल्या पक्ष्यावर एक कविता प्रसिद्ध केली. माया अँजेलो यांच्या 1969 च्या सुप्रसिद्ध आत्मकथेचे नाव त्याच कवितेवरून आले. डनबार वॉशिंग्टनच्या मोठ्या सरकारी ग्रंथालयात काही काळ नोकरीला होते. त्यांच्या पत्नीने पुढे लिहून ठेवले आहे की तिथल्या पुस्तकांच्या कपाटांच्या लोखंडी जाळ्या, बाहेरचे कडक ऊन आणि आतला कोंडमारा यांतून पिंजऱ्याच्या गजांची कल्पना त्यांना सुचली. त्या कवितेत पक्षी गजांवर पंख आपटत राहतो, रक्त येईपर्यंत. आणि मग तो गातो. डनबार आग्रहाने सांगतात की ते गाणे आनंदाचे नाही, ती हृदयातून वर गेलेली प्रार्थना आहे. पिंजऱ्यातला पक्षी गातो म्हणजे तो सुखी आहे, असा मालकाचा समज असतो. डनबारांनी फक्त तेवढा समज काढून घेतला. आमच्या सोप्यातल्या राघूच्या शिळेला आम्ही हसत होतो, ते मला ही कविता वाचल्यावर आठवले आणि जरा बरे वाटले नाही.

ज्ञानदेवांचा पोपट आणि डनबारांचा पक्षी शेजारी ठेवून पाहिले तर ते एकमेकांची उलट बाजू आहेत. एकाला कुणी बांधलेले नाही आणि त्याला वाटते बांधले आहे. दुसऱ्याला खरोखर कोंडले आहे आणि बघणाऱ्याला वाटते तो मजेत आहे. कविता लिहिणाऱ्याने आपला पक्षी यांतला कोणता, हे आधी ठरवायला हवे. आमच्या सात कवितांत ते ठरलेलेच नव्हते. पहिल्या कडव्यात जग पिंजरा, दुसऱ्यात पाप पिंजरा, तिसऱ्यात गरिबी पिंजरा. सगळेच पिंजरे म्हटले की कुठलाच पिंजरा दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, मग पवित्र शास्त्रात काय आहे? मीही शोधले. पक्षी पुष्कळ आहेत. पिंजरा मात्र फार क्वचित येतो, आणि जिथे येतो तिथे अनपेक्षित आहे. यिर्मयाच्या पाचव्या अध्यायात संदेष्टा म्हणतो की पिंजरा पक्ष्यांनी भरावा तशी दुष्टांची घरे कपटाने भरली आहेत, त्यावर ते श्रीमंत झाले आहेत. म्हणजे यिर्मया पक्ष्याकडे बघतच नाही. तो पिंजऱ्याच्या मालकाच्या घरात शिरतो आणि विचारतो, हे भरले कशाने? पुढच्याच ओळींत अनाथांचा न्याय होत नाही अशी तक्रार आहे. निपाणीच्या त्या बाईला मी पोपटाची नव्हे, यिर्मयाची गोष्ट सांगायला हवी होती.

स्तोत्र 124 मध्ये पक्षी पारध्याच्या पाशातून सुटतो. पण कसा? पाश तुटतो म्हणून. पक्ष्याने हुशारीने गाठ सोडवली असे तिथे नाही.

सगळ्यांत विलक्षण जागा लेवीयच्या चौदाव्या अध्यायात आहे. ती आपल्याकडे क्वचितच वाचली जाते, कारण वाचायला अवघड आहे. कोड बरे झालेल्या माणसाच्या शुद्धीचा विधी आहे. दोन जिवंत पक्षी आणायचे. एकाला मातीच्या भांड्यात, वाहत्या पाण्यावर मारायचे. दुसऱ्याला त्या रक्तात बुडवायचे, त्या माणसावर सात वेळा शिंपडायचे, आणि मग त्या जिवंत पक्ष्याला मोकळ्या शेतात सोडून द्यायचे. सुटलेला पक्षी तिथे स्वच्छ, पांढरा, निळ्या आकाशातला नाही. त्याच्या पिसांना दुसऱ्या पक्ष्याचे रक्त लागलेले आहे. ख्रिस्ती माणसाला त्यात काय दिसते ते मी सांगायला नको. पण त्याहून मला थांबवणारी गोष्ट पुढे आहे. पक्षी उडाला तरी तो माणूस लगेच घरी जात नाही. तो छावणीत येतो, पण आणखी सात दिवस त्याला आपल्या तंबूबाहेर राहावे लागते. म्हणजे लेवीयालाही ते माहीत होते, दार उघडणे आणि उडणे यांच्यामधले दिवस.

आता आपल्या मातीतल्या एका कवयित्रीकडे वळू, कारण पिंजरा न दाखवता कोंडलेपण कसे दाखवता येते हे तिच्याकडून शिकावे. इंदिरा संत. त्यांचे बालपण निपाणीजवळच्या तवंदीचे, आणि पुढचे आयुष्य बेळगावात शिक्षिकेचे. 1946 मध्ये पती ना. मा. संत गेले. मुले लहान होती. नोकरी करत त्यांनी घर चालवले आणि कविता लिहिली. ‘नको नको रे पावसा’ ही त्यांची कविता पुष्कळांना शाळेपासून माहीत आहे. त्यात एक बाई आपल्या गळक्या घरात उभी राहून पावसाशी बोलते आहे. भांडी, नेसूचे जुनेर, जपून मांडलेला संसार, आणि वरून हा धिंगाणा. आधी ती त्याला विनवते, रागावते. मग त्यालाच काम सांगते की वेशीपुढे धावत जा, वाटेवरच्या माझ्या माणसाला माघारी वळव आणि सांभाळून घरी आण. ती स्वतः उंबऱ्याबाहेर जात नाही. तिचा शब्द मात्र आठ कोस लांब जातो. पक्षी नाही, पिंजरा नाही, ‘बंधन’ हा शब्द नाही. ओढ आहे, आणि ती ओढ कुणाशी बोलल्यामुळे दिसते. जो मोकळा आहे, ज्याला भिंती अडवत नाहीत, त्या पावसाशी.

जात्यावरच्या ओव्यांत आपल्या आज्या-पणज्यांनी हेच केले. राघू म्हणजे मुलगा, मैना म्हणजे मुलगी. मैना सासरी गेली, राघू शेताला गेला, आणि आई जात्यापाशी. तिथे उडालेली पाखरे बाहेर आहेत आणि कोंडलेली आहे ती गाणारी. आपले रेव्हरंड ना. वा. टिळक यांनीही पाखराला हाक मारून ‘परतून कधी येशील’ असे विचारणारी कविता लिहिली आहे. हुरहूर पाखराची नाही, मागे राहिलेल्याची आहे. पक्षी कोंडायचा की गाणारी कोंडायची, एवढ्या अदलाबदलीने जुने चित्र नवे होते, आणि ते आमच्या खेड्यातल्या न शिकलेल्या बायकांना कुणी शिकवले नव्हते.

परत स्मरणिकेकडे. सात कविता बाजूला ठेवून मी आठवी उघडली. मोबाइलवर टाइप करून पाठवलेली, विरामचिन्हे नाहीत, काही ओळी कानडी वळणाच्या मराठीत. पाठवणारी तीच बाई होती, पोरंबाळांचा प्रश्न विचारणारी. दोन वर्षे तो पोपट तिच्याही डोक्यात बसला होता, हे मला तेव्हा कळले. तिच्या कवितेत मीच सांगितलेली नळी होती. तिच्यावर एक मैना उलटी लोंबकळते आहे. एक शहाणा पक्षी जवळच्या फांदीवर बसून तिला सांगतो, ‘सोड, तुला कुणी धरलेले नाही.’ मैना म्हणते, ‘खरे आहे, मला कुणी धरलेले नाही. पण खाली बघ.’ खाली तिच्या पायांना धरून दोन पिल्ले लोंबकळत आहेत. त्यांना अजून पंख फुटायचे आहेत. ती दिवस मोजते आहे.

फांदीवरचा शहाणा पक्षी कोण, हे मला लगेच समजले. जरा हसू आले आणि जरा लाजही वाटली.

कविता निवडायचा प्रश्न नव्हता. पण दुरुस्तीसाठी मी तिला फोन केला. तिच्या पहिल्या लिखाणात सुरुवातीला चार ओळी संसाराच्या पिंजऱ्याबद्दल होत्या. मी म्हटले, त्या काढू या, नळी आली की पिंजरा नको, दोन्ही ठेवले तर वाचणारा गोंधळेल. तिने लगेच मान्य केले. म्हणाली, “ते मी असंच घातलं होतं, कविता म्हंजे तसंच लिवत्यात म्हणून.” मग मी शेवटाकडे वळले. कवितेचा शेवट तिने दिवस मोजण्यावर केला होता. पिल्ले उडाली की नाही, मैनेने नळी सोडली की नाही, काही नाही. मी सुचवले की शेवटी एक ओळ घालू या, प्रभू खाली ओंजळ धरून उभा आहे अशी. स्मरणिका चर्चची आहे, विषय मुक्ती आहे, वाचणारे विचारतील.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मागून सुपातल्या पानांचा आवाज येत होता, बोलता बोलता तिचे हात चालूच होते. मग म्हणाली, “ताई, ओंजळ असंल बी. पर तिला अजून दिसली न्हाई. दिसल्यावर लिवीन की.”

कविता तिने लिहिली तशी छापायला दिली आहे. पहिल्या चार ओळी वगळून.